फिरत्या माळेचा हिशेब

वृत्तशास्त्राचा ज्यांना थोडाफार परिचय आहे त्यांना आठ गण पाठ असतात. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून दोन दुणे चार आणि चार दुणे आठ. या आठांची ओळख पटावी म्हणून संस्कृतात एक जुना श्लोक रूढ आहे. त्यात गणांची विभागणी अशी केली आहे : य, र आणि त यांत एकच लघु असतो, तो अनुक्रमे आरंभी, मध्ये आणि शेवटी; भ, ज आणि स यांत एकच गुरू असतो, तोही त्याच क्रमाने आरंभी, मध्ये आणि शेवटी; म सर्वगुरू आणि न सर्वलघु. पाठांतराच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कारण तिने आठ गणांचे चार कुळांत वाटप केले आहे आणि ते वाटप, श्लोककर्त्याच्या मनात तसे काही असो वा नसो, नेमके 'माळेचे' वाटप आहे.

ते कसे, ते पाहू. लघूच्या जागी पांढरा मणी (○) आणि गुरूच्या जागी काळा मणी (●) ओवावा आणि तिन्ही मणी गोल जुळवून पाटावर ठेवावेत. य गण म्हणजे ○●●. पाटावरची ही इवलीशी माळ एक घर फिरवली की ●●○ मिळते, तो त गण. आणखी एक घर फिरवली की ●○●, तो र गण. आणि तिसऱ्यांदा फिरवली की पुन्हा य. तीन गण, पण माळ एकच. भ, ज आणि स यांचीही एकच माळ. म आणि न या कितीही फिरवल्या तरी जशाच्या तशा राहतात. म्हणजे ओळीत मांडल्यास आठ, पण गोलात मांडून फिरवण्याची मुभा दिल्यास चार.

कवीला अर्थात ही मुभा नसते. चार य गणांचे भुजंगप्रयात आणि चार र गणांचे स्रग्विणी ही एकाच माळेची रूपे आहेत, केवळ सुरुवातीचा मणी वेगळा. परंतु 'मनाचे श्लोक' ज्यांच्या जिभेवर आहेत त्यांना भुजंगप्रयाताची चाल स्रग्विणीची म्हणून खपवता येणार नाही. पद्याच्या चरणाला आरंभ असतो, माळेला तो नसतो. तसेच चार स गणांचे तोटक आणि चार ज गणांचे मौक्तिकदाम. 'मौक्तिकदाम' याचा अर्थच मोत्यांची माळ; तेव्हा या वृत्ताचे नाव ठेवणाऱ्याने गंमतच केली आहे असे म्हणावे लागते.

ओळीतल्या मांडण्यांचा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार मांडण्याची रीत आहे, आणि प्रत्येक अक्षरागणिक प्रकारांची संख्या दुप्पट होते हे त्या परंपरेला पक्के ठाऊक होते : तीन अक्षरांचे ८, चारांचे १६, सहांचे ६४. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. दोन रंगांचे मणी घेऊन ठरावीक लांबीची माळ ओवली आणि फिरवून जुळणाऱ्या माळा एकच मानल्या, तर वेगळ्या माळा किती? एक अट आधीच सांगून ठेवतो : माळ पाटावर फिरवायची, पण उचलून पालथी घालायची नाही. मण्यांची एक बाजू चपटी आहे असे समजावे. या अटीचे महत्त्व पुढे कळेल.

सुचणारे पहिले उत्तर सोपे आहे. सहा मण्यांची माळ सहा ठिकाणांहून वाचता येते, म्हणजे एकाच माळेच्या सहा ओळी होतात. तेव्हा ६४ ला ६ ने भागावे. पण भागाकार पुरा जात नाही, १० माळा होऊन ४ उरतात, आणि माळ काही अर्धीमुर्धी असू शकत नाही. येथे निदान चूक लगेच दिसते. चार मण्यांच्या बाबतीत ती लपून राहते. १६ ला ४ ने भागले की पुरे ४ येतात आणि हिशेब बरोबर आला असे वाटते. प्रत्यक्ष मांडून पाहावे : ○○○○, ○○○●, ○○●●, ○●○●, ○●●●, ●●●●. या सहा माळा आहेत, चार नव्हेत. भागाकार निःशेष जाणे हा उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. या प्रश्नात नवखा माणूस फसतो तो बहुधा येथेच.

चूक कोठे होते तेही या यादीतच दिसते. ○●○● ही माळ चार ठिकाणांहून वाचली तरी ओळी दोनच मिळतात, कारण दोन घरे फिरवल्यावर ती आपल्याच जागी येऊन बसते. सर्व पांढऱ्या माळेची तर एकच ओळ. ज्या माळेत काही आवर्तन आहे ती पूर्ण वाटा भरत नाही, आणि आपण मात्र सर्वांना सारखेच भागतो.

मण्यांची संख्या मूळसंख्या असली म्हणजे ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. पाच मण्यांच्या ३२ ओळींतून दोन एकरंगी ओळी बाजूला काढाव्यात. उरलेल्या तिसांत लहान आवर्तन संभवतच नाही, कारण पाचाचे सारखे लहान तुकडे पडत नाहीत. म्हणून ३० भागिले ५, म्हणजे ६ माळा, आणि दोन एकरंगी मिळून ८. यातून एक आनुषंगिक गोष्ट हाती लागते. मूळसंख्येइतक्या मण्यांच्या ओळींतून दोन वजा केले तर उरलेल्या संख्येला त्या मूळसंख्येने भाग जायलाच हवा, कारण त्या संख्येच्या पूर्ण माळा बनतात. फर्माने १६४० साली फ्रेनिकल याला लिहिलेल्या पत्रात जो प्रसिद्ध सिद्धान्त सिद्धतेशिवाय सांगितला, त्याचीच ही दोन रंगांपुरती सिद्धता झाली. डेन्मार्कचा गणिती युलियस पेटरसन याने १८७२ साली या मार्गाने तो सिद्धान्त सिद्ध केला. मणी मोजून अंकगणिताचा सिद्धान्त हाती यावा याचे आम्हांला आजही नवल वाटते.

त्याच १८७२ साली फ्रान्समध्ये 'नुव्हेल अ‍ॅनाल' या गणिताच्या नियतकालिकात वर्तुळाकार मांडण्यांवर एक लेख आला. लेखक मोरो हा तोफखान्यातील अधिकारी होता. त्याने आवर्तनाची अडचण टाळली नाही, तिलाच हाताशी धरले. आधी ज्या माळांत आवर्तनच नाही त्या मोजाव्यात, मग ज्या निम्म्या लांबीने आवर्ततात त्या, मग तिसऱ्या हिश्श्याने, असे करत जावे. सहा मण्यांवर ही रीत चालवून पाहू. एकरंगी ओळी दोन, त्यांच्या माळा दोन. दोन घरांनी आवर्तणारी ○●○●○●, तिच्या ओळी दोन, माळ एक. तीन घरांनी आवर्तणाऱ्या माळा दोन : ○○●○○● आणि ○●●○●●, प्रत्येकीच्या ओळी तीन, म्हणून एकूण सहा. आतापर्यंत ओळी झाल्या दहा आणि माळा पाच. ६४ मधून १० गेले, ५४ उरले. या चोपन्नांत कोठेही आवर्तन नाही, तेव्हा येथे सहाने भागायला हरकत नाही : ९ माळा. नऊ आणि पाच मिळून चौदा. सहा मण्यांच्या वेगळ्या माळा १४.

या मोरोविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. कर्नल होऊन निवृत्त झाल्यावर १९०३ साली तो माँटे कार्लो येथील बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धेत उतरला आणि सव्वीसच्या सव्वीस डाव हरला. बुद्धिबळाच्या इतिहासात त्याचे नाव या पराभवामुळे राहिले आणि गणितात माळांच्या सूत्रामुळे. दोन्हीकडच्या वाचकांना हा एकच माणूस असल्याचे ठाऊक नसते.

मोरोची रीत अचूक आहे, पण मणी वाढले आणि त्यांच्या संख्येला भाजक पुष्कळ असले की तिच्यात प्रत्येक प्रकार वेगळा काढत बसावे लागते. दुसरी एक वाट आहे आणि ती आमच्या मते अधिक देखणी आहे. ती समजायला शाळेतला हजेरीपट डोळ्यांसमोर आणावा. डाव्या बाजूस ६४ ओळींची नावे एकाखाली एक लिहावीत. माथ्यावर सहा रकाने : शून्य घरे फिरवणे (म्हणजे हलवायचेच नाही), एक घर, दोन घरे, आणि असे पाच घरांपर्यंत. एखादी मांडणी तितकी घरे फिरवूनही जशीच्या तशी राहत असेल तर त्या चौकटीत एक खूण करावी. मग सगळ्या खुणा मोजाव्यात.

आधी आडव्या मोजू. आवर्तन नसलेल्या मांडणीसमोर एकच खूण पडते, शून्याच्या रकान्यात. आणि तिच्या माळेच्या ओळी असतात सहा. म्हणजे अशा माळेमागे ६ खुणा. तीन घरांनी आवर्तणाऱ्या मांडणीसमोर दोन खुणा पडतात, शून्याच्या आणि तिनाच्या रकान्यात. पण तिच्या माळेच्या ओळी तीनच, म्हणून पुन्हा ६ खुणा. ○●○●○● हिच्यासमोर तीन खुणा आणि ओळी दोन, पुन्हा ६. एकरंगी माळेची ओळ एक, पण खुणा सहाही रकान्यांत. माळ कोणतीही घ्या, तिच्या वाट्याला सहाच खुणा येतात. ज्या माळेच्या ओळी कमी, तिच्या प्रत्येक ओळीची हजेरी तितकीच अधिक. सुरुवातीच्या भागाकारात जी उणीव होती ती येथे आपोआप भरून निघते. तेव्हा एकूण खुणांना सहाने भागले की माळांची संख्या मिळालीच पाहिजे.

आता त्याच खुणा उभ्या मोजू, कारण उभे मोजणे फार सोपे आहे. शून्याच्या रकान्यात सर्व ६४ खुणा. एक घर फिरवून न बदलणारी मांडणी म्हणजे प्रत्येक मणी शेजाऱ्यासारखा, म्हणून एकरंगी : २. दोन घरे फिरवून न बदलणारीत पहिला, तिसरा, पाचवा मणी सारखे आणि दुसरा, चौथा, सहावा सारखे; दोन मण्यांचे रंग ठरवले की झाले : ४. तीन घरांच्या रकान्यात पहिला चौथ्यासारखा, दुसरा पाचव्यासारखा, तिसरा सहाव्यासारखा, म्हणून तीन रंग ठरवायचे : ८. चार घरे पुढे म्हणजे दोन घरे मागे, म्हणून ४. पाच घरे म्हणजे एक घर मागे, म्हणून २. बेरीज करावी : ६४, २, ४, ८, ४, २ मिळून ८४. त्याला सहाने भागले की १४.

मणी कितीही असले तरी रकाना भरण्याचा नियम हाच आहे. मण्यांची संख्या आणि जितकी घरे फिरवायची ती संख्या यांचा मसावि काढावा. तितक्या मण्यांचे रंग आपल्या हाती राहतात, बाकीचे त्यांच्यामागून येतात. (शून्य घरांसाठी सर्वच मणी मोकळे.) आठ मण्यांसाठी रकाने येतात २५६, २, ४, २, १६, २, ४, २, बेरीज २८८, आठाने भागून ३६. सरळ २५६ ला ८ ने भागणाऱ्याला ३२ मिळाले असते, तेही निःशेष. माळांसाठी हा मसावीचा हिशेब सूत्ररूपाने मांडला पर्सी मॅकमहन याने १८९२ साली. तोही तोफखान्याचाच माणूस. ब्रिटिश सैन्यातून १८७३ साली तो मद्रासेस आला होता आणि प्रकृतीमुळे पुढे मायदेशी परतला. तोफखान्याच्या दोघा अधिकाऱ्यांनी दोन देशांत मण्यांच्या माळा मोजाव्यात, हा योगायोग आम्ही नुसता नोंदवून ठेवतो.

हजेरीपटाची युक्ती मात्र माळांपुरती नाही. फिरवण्याच्या जागी कोणतीही हालचाल घ्या, घन उलटापालटा करणे असो किंवा माणसांच्या जागा बदलणे असो, 'न बदललेल्यांची सरासरी काढावी' हे तत्त्व तेच राहते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या तत्त्वाला 'बर्नसाइडचा लेमा', म्हणजे बर्नसाइडची उपपत्ती, असे नाव पडले. विल्यम बर्नसाइड हा ग्रिनिच येथील नाविक महाविद्यालयात प्राध्यापक होता, आणि १८९७ साली त्याने लिहिलेला ग्रंथ हा समूहांच्या सिद्धान्तावरचा इंग्रजीतला पहिल्या मानाचा ग्रंथ. उपपत्ती त्या ग्रंथात आहे हे खरे. पण त्याच ग्रंथात तिचे श्रेय फ्रोबेनियसला दिलेले आहे, कारण फ्रोबेनियसने ती १८८७ साली मांडली होती. आणि तिचे मूळ त्याही मागे जाते, १८४५ सालच्या कोशीच्या लेखनापर्यंत. वाचणाऱ्यांनी ग्रंथ वाचला, श्रेयाचे वाक्य वाचले नाही. ऑक्सफर्डच्या पीटर नॉयमन यांनी १९७९ साली 'बर्नसाइडची नसलेली उपपत्ती' अशा आशयाच्या मथळ्याचा लेखच लिहून हा घोटाळा उघड केला. तेव्हापासून काही लेखक 'कोशी-फ्रोबेनियस' असे नाव लिहितात, आणि काही थट्टेने 'बर्नसाइडची नसलेली उपपत्ती' असेच म्हणतात. जुने नाव तरीही टिकून आहे. बर्नसाइडचा यात दोष नाही. ज्याने ऋण मान्य केले त्याच्याच नावावर ठेव जमा झाली, इतकेच.

याहून खंत वाटावी अशी हकिकत रेडफील्डची आहे. हॉवर्ड रेडफील्ड हा अमेरिकन गृहस्थ व्यवसायाने अभियंता आणि भाषांचा अभ्यासक होता. त्याने १९२७ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. एकूण माळा किती एवढेच न सांगता, अमुक पांढरे आणि अमुक काळे मणी असलेल्या किती, हेही एकाच सूत्रातून काढण्याची रीत त्यात होती. लेखाची भाषा स्वतः घडवलेली, अनोळखी; त्याच्या हयातीत तो कोणी वाचलाच नाही म्हटले तरी चालेल. रेडफील्ड १९४४ साली वारला. त्याच्या कागदपत्रांतला आणखी एक लेख १९८४ साली छापला गेला. दरम्यान १९३७ साली जॉर्ज पोल्या यांनी स्वतंत्रपणे तीच रीत शोधून शंभरावर पानांचा जर्मन निबंध लिहिला, आणि जगाने ती पोल्यांच्या नावाने स्वीकारली. (१९३७ हेच वर्ष मराठीत माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'चे. बडोद्यात जन्मलेल्या या कवीने त्या ग्रंथात लघु-गुरूंचाच संसार मांडला आहे.)

पोल्यांचा निबंध वाचला गेला याला त्यांची लेखनशैली कारण होतीच, पण निबंधाच्या मथळ्यातच रसायनशास्त्रातील संयुगांचा उल्लेख होता हेही एक कारण असावे. आमच्या सहा मण्यांच्या माळेचे तेथे खरेखुरे काम आहे. बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते ही कल्पना केकुले याने १८६५ साली मांडली. त्या सहा जागांपैकी काहींवर हायड्रोजनऐवजी ब्रोमीन बसवले तर किती वेगळी संयुगे होतील? दोन ब्रोमीन असतील तर ते शेजारी, एकाआड किंवा समोरासमोर, म्हणून तीन. आमच्या चौदा माळांतही दोन काळे मणी असलेल्या माळा तीनच आहेत. परंतु तीन ब्रोमीन असतील तर माळा चार होतात : ●●●○○○, ●●○●○○, ●●○○●○ आणि ●○●○●○. रसायनशाळेत मात्र संयुगे तीनच सापडतात. येथे सुरुवातीला घातलेली अट आडवी येते. मधल्या दोन माळा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. पाटावर कितीही फिरवल्या तरी जुळणार नाहीत, पालथी घातली की जुळतात. रेणू पालथा होऊ शकतो, म्हणून त्याच्या जगात चौदाऐवजी तेराच. कोणता हिशेब लागू आहे हे सूत्र सांगत नाही. वस्तू काय करू शकते हे आधी पाहावे लागते.

या मोजणीवर एका शास्त्रज्ञाने मोठा डाव लावला. केकुलेचा एके काळचा साहाय्यक विल्हेल्म कर्नर इटलीत काम करीत होता. दोन ब्रोमीन असलेली तीन संयुगे बाटल्यांत वेगवेगळी होती, पण कोणत्या बाटलीतले ब्रोमीन शेजारी आणि कोणत्या बाटलीतले समोरासमोर हे कसे ओळखावे? रेणू डोळ्यांनी दिसत नाही. कर्नरने १८७४ साली दाखवलेला मार्ग असा : प्रत्येकात तिसरे ब्रोमीन घालावे आणि किती वेगळी संयुगे निघतात ते मोजावे. समोरासमोरच्या जोडीत तिसरा मणी कोठेही घाला, माळ एकच मिळते. शेजारच्या जोडीतून दोन मिळतात. एकाआडच्या जोडीतून तीन. वाचकांनी सहा मणी घेऊन हे स्वतः पडताळून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे. पण पालथे घालण्याची मुभा विसरू नये, एरवी संख्या जुळणार नाहीत. नुसत्या मोजणीने अदृश्य रेणूतल्या जागा ठरल्या.

आता पुन्हा आपल्या गणांकडे येऊ. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र शाळेत शिकलेल्यांना अजून आठवत असेल. कोणत्याही अक्षरापासून पुढची दोन अक्षरे घेऊन तीन म्हणावीत, त्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो : यमाता म्हणजे य, मातारा म्हणजे म, ताराज म्हणजे त. सूत्रातली शेवटची दोन अक्षरे, ल आणि गा, ही लघु आणि गुरू आहेत; सुरुवातीची य आणि मा हीसुद्धा लघु आणि गुरूच. म्हणून शेवटची दोन गाळून उरलेली आठ अक्षरे गोलात जुळवली तरी चालते. तयार होते आठ मण्यांची माळ : ○●●●○●○○. तिच्यावरून एक फेरी मारली की आठही गण प्रत्येकी एकदा भेटतात, एकही दोनदा नाही.

आठ मण्यांच्या माळा ३६ आहेत हे वर काढलेच आहे. त्यांतल्या किती माळांना हा गुण आहे? आठ गणांच्या मधल्या अक्षरांत चार लघु आणि चार गुरू असतात, म्हणून माळेतही चार पांढरे आणि चार काळे मणी हवेत. न गण हवा, म्हणून तीन पांढरे सलग हवेत. पण चार सलग झाले तर न दोनदा येईल. म्हणून चौथा पांढरा मणी एकटा, बाजूला. काळ्यांचेही तसेच : तीन सलग आणि एक एकटा. पांढरे दोन गट, काळे दोन गट, आणि ते आलटून पालटून यायचे. तीन पांढऱ्यांच्या पुढे एक तर तीन काळे येतील किंवा एक काळा, तिसरा पर्याय नाही. म्हणून छत्तिसांपैकी अशा माळा दोनच : ○○○●●●○● आणि ○○○●○●●●. पहिली आपल्या सूत्राची माळ, फक्त वेगळ्या मण्यापासून वाचलेली. दुसरी तिची आरशातली प्रतिमा; पालथी घातल्याशिवाय ती पहिलीशी जुळत नाही.

अशा माळांना गणितात 'डी ब्राउन यांच्या माळा' म्हणतात, कारण नेदरलँड्सचे डी ब्राउन यांनी १९४६ साली त्या किती असतात याचे सूत्र सिद्ध केले. आणि येथेही नावाचे तेच झाले. फ्रान्सच्या फ्लाय सेंट-मारी याने १८९४ सालीच ते काढलेले होते. डी ब्राउन यांना ते कळल्यावर १९७५ साली त्यांनी स्वतः ते जाहीरपणे लिहिले. नाव त्यांचेच राहिले.

दुसऱ्या माळेचेही सूत्र बनते. तिच्यातल्या ज्या मण्यावर य गण सुरू होतो तेथून वाचायला लागले तर गण येतात ते य, म, त, भ, न, स, ज, र या क्रमाने. शेवटी ल आणि गा जोडले की 'यमाताभानसजरालगा'. जुन्या सूत्रातले 'राज' आणि 'भानस' यांनी जागा बदलल्या आहेत आणि 'राज'चे 'जरा' झाले आहे. गण ओळखायला हेही तितकेच चालते : भानस म्हणजे भ, नसज म्हणजे न, जराल म्हणजे ज.